चाळीस ओळींच्या बारा: काटछाटीत भार कुठे जातो?

कवितेचा पहिला खर्डा वाचून झाल्यावर आपल्याकडे बहुधा एकच सल्ला मिळतो. लांबली आहे, जरा काटा. सल्ला खोटा नसतो, पण अपुरा असतो. काय काटायचे आणि काटल्यावर उरलेल्या ओळींचे काय होते, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे काटछाट म्हणजे झाडाच्या सुक्या फांद्या तोडणे, असा एक समज होऊन बसतो: वाईट ओळी गेल्या की चांगल्या आपोआप उरतात. माझ्या अनुभवात तसे होत नाही. काढलेली प्रत्येक ओळ काहीतरी वाहत असते. तिने वाहिलेला भार एकतर कवितेतल्या दुसऱ्या कशावर तरी जातो किंवा वाटेत सांडतो. चाळीस ओळींच्या बारा करताना खरा प्रश्न हा भार कुठे ठेवायचा, याचा असतो. या लेखात तो प्रश्न दोन प्रसिद्ध उदाहरणांवर थोडक्यात आणि एका अप्रसिद्ध खर्ड्यावर सविस्तर तपासून पाहायचा आहे.

पहिले उदाहरण एझ्रा पाउंडचे. पॅरिसच्या भुयारी रेल्वेतून ला काँकॉर्द स्थानकावर उतरताना त्याला एकामागून एक सुंदर चेहरे दिसले, आणि त्या अनुभवाला शोभतील असे शब्द त्याला दिवसभर सापडले नाहीत. ही हकिगत त्याने स्वतःच १९१४ साली ‘फॉर्टनाइटली रिव्ह्यू’मधल्या लेखात सांगितली आहे. त्याने त्या अनुभवावर तीस ओळींची कविता लिहिली आणि ती दुय्यम तीव्रतेची वाटल्याने नष्ट केली. सहा महिन्यांनी निम्म्या लांबीची एक लिहिली. त्यानंतर वर्षभराने हायकूच्या वळणाचे एकच वाक्य उरले. ती दोन ओळींची कविता ‘पोएट्री’ मासिकात एप्रिल १९१३मध्ये आली.

ही गोष्ट काव्यशाळांत नेहमी सांगितली जाते, आणि तिचे तात्पर्य ‘जितके कमी तितके चांगले’ असे काढले जाते. पण त्या कवितेचे शीर्षक झाकून फक्त दोन ओळी वाचून पाहाव्यात. गर्दीतले चेहरे आणि ओल्या फांदीवरच्या पाकळ्या एवढे दोनच पदार्थ हाती लागतात. गर्दी जत्रेतली असेल, बाजारातली असेल. आपण जमिनीखाली आहोत, चेहरे अंधारातून येऊन क्षणभर उजेडात दिसतात आणि गाडीसारखे निघून जातात, हे सगळे शीर्षक सांगते. शीर्षकात स्थळ साधेपणाने दिले आहे, एखाद्या पाटीसारखे. तीस ओळींमध्ये स्थळाचे जे वर्णन कदाचित आले असेल, त्याची गरज त्या पाटीने संपवली. म्हणजे भार सांडला नाही, तो शीर्षकावर गेला.

दुसरे उदाहरण टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’च्या चौथ्या भागाचे. ही कविता १९२२ साली प्रसिद्ध झाली. तिची हस्तलिखिते पुष्कळ वर्षे लोकांसमोर नव्हती. ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बर्ग संग्रहात आहेत, आणि १९७१ साली व्हॅलरी एलियट यांनी त्यांची प्रतिमुद्रित आवृत्ती संपादित केली. त्यामुळे पाउंडची पेन्सिल कुठे फिरली, हे आता कुणालाही पाहता येते. चौथ्या भागाच्या खर्ड्यात नव्वदाहून अधिक ओळी होत्या. त्यांत अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून निघालेल्या मासेमारी जहाजाची सफर होती: मोडलेली सामग्री, नासलेले अन्न, खलाशांची कुरकुर, मग मासळीची रेलचेल, आणि शेवटी वाऱ्याने उत्तरेकडे भरकटून बर्फाशी गाठ. त्यानंतर बुडालेल्या फिनिशियन व्यापाऱ्याचा, फ्लेबसचा, छोटा तुकडा. छापील कवितेत फक्त हा तुकडा उरला आहे. दहा ओळी.

यातली महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. एवढे सगळे गेल्यावर एलियटला वाटले की आता फ्लेबसही काढूनच टाकावा, आणि जानेवारी १९२२मध्ये त्याने पाउंडला तसे विचारले. ज्याने आधी एवढे खोडले त्याच पाउंडने या वेळी ठाम नकार दिला. त्याचे कारण रचनेचे होते. पहिल्या भागात भविष्य सांगणारी बाई जे पत्ते मांडते, त्यांत बुडालेल्या फिनिशियन खलाशाचा पत्ता निघतो आणि पाण्यापासून सावध राहा असे ती बजावते. चौथ्या भागात तो पत्ता खरा होतो. सफरीच्या ओळी काढता आल्या, कारण मरण जवळ येत असल्याची जाणीव आधीच पेरलेली होती. फ्लेबस काढता आला नाही, कारण त्या पेरणीचे पीक तोच होता. काटछाट करणाऱ्याला ओळ वाईट आहे की चांगली एवढे कळून भागत नाही. तिच्यावर कोण टेकलेले आहे आणि ती कुणावर टेकलेली आहे, हेही कळावे लागते.

ही दोन्ही उदाहरणे मोठ्या कवींची आहेत, आणि पाउंडच्या तीस ओळी तर आपल्याला दिसतही नाहीत. ओळीओळीने तपासणी करायची तर पूर्ण खर्डा समोर हवा. दुसऱ्याच्या अपुऱ्या कवितेची अशी चिरफाड छापणे संकोचाचे असते, म्हणून माझ्याच वहीतला एक खर्डा इथे घेतो. कविता म्हणून तो सामान्य आहे, पण त्यात काय चुकले आणि काय वाचले, हे मला आतून ठाऊक आहे. खर्ड्याचे शीर्षक होते ‘वडील’. पुढच्या चर्चेसाठी ओळींना क्रमांक दिले आहेत.

१. वडील गेले त्याला आता तीन महिने झाले
२. घरात अजून त्यांच्या चपला तशाच आहेत
३. दाराशी, जणू ते आत्ताच आत आले आहेत
४. आणि बाहेर पाऊस पडतोय सारखा
५. जसं आभाळच रडतंय आमच्यासोबत.
६. आई म्हणाली, ते रेशनकार्डाचं तेवढं बघून ये.
७. मी सकाळी लवकर निघालो छत्री घेऊन
८. बस भरलेली होती, उभाच राहिलो
९. खिडकीतून भिजलेलं शहर दिसत होतं
१०. आणि मला आठवलं, त्यांचं बोट धरून
११. मी कधीकाळी रेशनच्या रांगेत उभा असायचो
१२. त्यांच्या हातात पिशवी, माझ्या हातात कार्ड
१३. ते म्हणायचे, सांभाळ, त्यात आपण सगळे आहोत.
१४. केवढा मोठा वाटायचा तेव्हा त्यांचा हात
१५. वडाच्या पारंबीसारखा, आधाराचा
१६. आता ती पारंबी तुटली आहे
१७. आणि मी अधांतरी लोंबकळतो आहे.
१८. कचेरीत तीन नंबरच्या खिडकीशी गर्दी होती
१९. भिंतीवर कोळ्याची जाळी, पंखा बंद
२०. कारकुनाने मान वर न करता विचारलं, काय काम?
२१. मी म्हणालो, नाव कमी करायचंय.
२२. कुणाचं? – वडिलांचं.
२३. मृत्यूचा दाखला आणलाय? – हो, आणलाय.
२४. किती सहज विचारतात माणसं असे प्रश्न
२५. व्यवस्थेला भावना नसतात हेच खरं
२६. तिच्यासाठी माणूस म्हणजे एक ओळ, एक आकडा.
२७. त्याने पट्टी ठेवली नावावर
२८. आणि लाल शाईने सरळ रेघ ओढली
२९. माझ्या काळजातून ती रेघ गेली
३०. रक्तासारखी लाल, रक्ताच्या नात्यावरून.
३१. पाचाचे चार केले, शिक्का मारला
३२. म्हणाला, इथे सही करा, अर्जदार म्हणून.
३३. मी सही केली.
३४. माझ्या नावानंतर त्यांचं नाव येतं
३५. मधलं नाव म्हणून, नेहमीसारखं.
३६. किती विचित्र आहे हे आयुष्य
३७. जो आपल्याला नाव देतो
३८. त्याचंच नाव आपण पुसतो एके दिवशी.
३९. बाहेर आलो तर पाऊस थांबला होता
४०. पण माझ्या आत तो कोसळत होता.

खर्डा काही आठवडे वहीत पडून होता. तो परत वाचताना मी आधी काटले काहीच नाही. एकच शोध घेतला: लिहायला बसण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते आणि लिहिताना कळले, असे यात काय आहे? वडील गेल्याचे दुःख आधीच ठाऊक होते. पाऊस, पारंबी, निर्विकार कचेरी हे तर मी न लिहिताही कुणाला सुचले असते. नवी गोष्ट एकच होती, आणि ती तेहतीस ते पस्तीस या ओळींत होती. आपल्याकडे मुलाच्या नावात वडिलांचे नाव मधे असते. त्यामुळे वडिलांचे नाव खोडण्याच्या अर्जावर सही करताना मला तेच नाव लिहावे लागले. खोडणे आणि लिहिणे एकाच हाताने, एकाच कागदावर घडले. कवितेची मध्यवर्ती भावना हीच होती. मात्र खर्ड्यात तिच्या वाट्याला चाळीसपैकी तीनच ओळी आल्या होत्या, आणि पुढच्या तीन ओळींनी तिचे स्पष्टीकरण देऊन ती विझवली होती.

केंद्र सापडल्यावर पहिली फेरी सोपी गेली. पावसाच्या चार ओळी गेल्या: चौथी, पाचवी, एकोणचाळिसावी आणि चाळिसावी. आभाळाचे रडणे हे माझ्या दुःखाचे वर्णन नव्हते, ते वाचकाने कसे वाटून घ्यावे याची सूचना होती. पारंबीच्या चार ओळी गेल्या. त्या प्रतिमेला स्वतःचे झाड हवे होते, आणि रेशनकार्डाच्या कवितेत वड उगवायला जागा नव्हती. काळजातून जाणाऱ्या रेघेच्या दोन ओळी गेल्या, कारण अठ्ठाविसावी ओळ पट्टी लावून सरळ रेघ ओढते आणि तिचा सरळपणाच लागतो. रक्ताची उपमा आली की तो फिसकटतो. चोवीस ते सव्वीस आणि छत्तीस ते अडतीस या टिप्पणीच्या सहा ओळी गेल्या. एकूण सोळा. उरल्या चोवीस.

या सोळा ओळी जाताना कुठलाच भार हलवावा लागला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काही वाहतच नव्हत्या. दुसऱ्या ओळींनी वाहिलेले त्या पुन्हा उच्चारत होत्या. छत्तीस ते अडतीस या ओळींचा मला मोह होता, कारण संमेलनात त्यांना दाद मिळाली असती. पण पस्तिसाव्या ओळीनंतर वाचक स्वतः तिथे पोहोचतो, आणि पोहोचलेल्याला रस्ता सांगितला की तो त्रासतो.

दुसरी फेरी अवघड होती, कारण आता उरलेल्या ओळी चांगल्या होत्या किंवा निदान खऱ्या होत्या. सात ते नऊ हा बसचा प्रवास खरा होता. तो मचाणासारखा होता: घर बांधताना मला त्यावर उभे राहावे लागले, घर झाल्यावर त्याचे काम संपले. तो गेला. दाराशी ठेवलेल्या चपलाही खऱ्या होत्या आणि पारंबीपेक्षा कितीतरी चांगल्या होत्या. पण त्या एका वेगळ्याच कवितेच्या होत्या. चपलांमध्ये माणूस परत येण्याची आशा असते. रेशनकार्डाच्या खिडकीवर माणूस गेल्याची नोंद होते. दोन्ही एकत्र ठेवल्यावर वाचकाचे लक्ष दोन दारांत विभागले जात होते. त्या दोन ओळी वहीच्या दुसऱ्या पानावर उतरवून ठेवल्या. उरल्या एकोणीस.

पहिली, सहावी, अठरावी आणि एकोणिसावी या ओळींनी मात्र खराखुरा भार वाहिलेला होता. कोण गेले, काम काय, जागा कोणती, हे त्या सांगत होत्या. त्या काढायच्या तर ही माहिती दुसरीकडे ठेवणे भाग होते. इथे पाउंडची पाटी आठवली. सरकारी भाषेत या कामाला जे नाव आहे, ‘नाव कमी करणे’, तेच मी शीर्षक केले. ज्या वाचकाने कधी रेशनकार्डात फेरफार केला आहे, त्याला या तीन शब्दांत कचेरी, खिडकी, अर्ज आणि रांग दिसते. कोळ्याची जाळी आणि बंद पंखा दाखवायची गरज उरत नाही. ‘वडील’ या जुन्या शीर्षकाने विषय सांगितला होता. नव्या शीर्षकाने जागा आणि कृती दोन्ही सांगितली. चार ओळी गेल्या. उरल्या पंधरा.

इथवर येऊन थांबलो असतो तर बरे झाले असते. पण काटण्याची एक झिंग असते. दहा ते तेरा या आठवणीच्या ओळी मला आता हळव्या वाटू लागल्या. रांगेतले लहानपण कशाला, खिडकीवरचा प्रसंगच पुरे, असे म्हणून त्या चारही काढल्या. मग तेविसावी ओळ पाहिली: मृत्यूचा दाखला म्हणजे सरळसरळ सांगणे झाले, सूचकता गेली. तीही काढली. दहा ओळी उरल्या आणि त्या मला फार आवडल्या. संवाद, रेघ, आकडा, सही, मधले नाव. सगळे कसे घट्ट.

ती दहा ओळींची कविता मी दोघांना वाचून दाखवली. पहिला म्हणाला, ‘हुशार आहे.’ दुसऱ्याने विचारले, ‘वडील वेगळे राहायला गेले का?’

दोन्ही प्रतिक्रियांनी मी ओशाळलो, आणि दोन्ही बरोबर होत्या. दुसऱ्याचा प्रश्न आधी घेऊ. रेशनकार्डातून नाव कमी होते ते फक्त मृत्यूमुळे नाही. मुलीचे लग्न झाले, कुणी दुसऱ्या गावी गेले, कुणी वेगळा संसार थाटला, तरी ते कमी होते. दाखल्याची ओळ काढताना मी सूचकता वाढवत नव्हतो, वाचकाला लागणारी माहितीच काढून घेत होतो. आपल्या काव्यशास्त्रात या चुकीला नाव आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वाक्यदोष सांगताना ‘अधिकपद’ आणि ‘न्यूनपद’ हे दोन्ही एकाच यादीत ठेवले आहेत. नको असलेले पद राहिले तर दोष, आणि हवे असलेले पद गाळले तरी दोषच. आजच्या कवितेच्या चर्चेत पहिला दोष सगळ्यांना दिसतो. दुसऱ्याला मात्र कित्येकदा संयम समजले जाते.

दोन्हींतला फरक ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. ओळ काढल्यावर वाचक विचारतो तो प्रश्न कसला आहे ते पाहायचे. ‘सही करताना त्याला काय वाटले असेल?’ असे त्याने विचारले, तर मौन बोलते आहे. ‘वडील आहेत की नाहीत?’ असे विचारले, तर मौन नव्हे, माहिती गळाली आहे. पहिला प्रश्न कवितेच्या आत नेतो, दुसरा तिच्या दाराबाहेर उभा करतो.

आता ‘हुशार आहे’ हे म्हणणे. हे मला जास्त लागले. दहा ओळींत सही आणि मधले नाव यांचा योग नुसता योगायोग म्हणून उरला होता, एखाद्या चमकदार निरीक्षणासारखा. दुःख का होत नव्हते? कारण जे खोडले जात होते ते कुणाचे तरी होते, याचा पुरावाच मी काढून टाकला होता. रेशनकार्ड मुलाच्या हातात देऊन वडील म्हणतात की सांभाळ, त्यात आपण सगळे आहोत. ही तेरावी ओळ नसेल, तर पुढचे ‘पाचाचे चार’ हा केवळ हिशेब ठरतो. ती असेल, तर ज्याने सांभाळायचे होते त्याच्याच हातून ते ‘सगळे’ उणे होतात. म्हणजे ही ओळ माझ्या कवितेतला एलियटचा पत्ता होती, आधी मांडलेला आणि नंतर खरा होणारा. पत्ता फेकून मी नुसता बुडालेला माणूस ठेवला होता.

बारावी आणि तेरावी ओळ परत आणली, पण दहावी आणि अकरावी परत आणली नाही. ‘मला आठवलं’ हे सांगायची गरज नव्हती, कारण ‘म्हणायचे’ या क्रियापदाच्या रूपातच भूतकाळ आणि नित्यक्रम दोन्ही आहेत. रांग तेवढी बाराव्या ओळीत घेतली. दाखला परत आला, पण ‘मृत्यूचा’ हा शब्द न घेता. एवढे करून ही कविता हाती आली.

नाव कमी करणे

रेशनच्या रांगेत पिशवी त्यांच्या हातात, कार्ड माझ्या.
म्हणायचे, सांभाळ, त्यात आपण सगळे आहोत.

काय काम?
नाव कमी करायचंय.
कुणाचं?
वडिलांचं. दाखला पुढे केला.

त्याने नावावर पट्टी ठेवली,
लाल शाईने सरळ रेघ ओढली,
पाचाचे चार केले.

म्हणाला, इथे सही करा. पूर्ण नाव.
मी सही केली.
मधलं नाव त्यांचं.

खर्ड्यातल्या ओळी नुसत्या गाळून ही कविता तयार झालेली नाही, हे शेजारी ठेवून पाहिले की दिसते. दहाव्या ओळीतले ‘पूर्ण नाव’ हे शब्द खर्ड्यात नव्हते. खर्ड्यात चौतिसावी आणि पस्तिसावी अशा दोन ओळी मराठी नावाची रचना समजावून सांगत होत्या. तो भार मी कारकुनाच्या तोंडी दिला. पूर्ण नाव लिहायला सांगणे हे त्याचे रोजचे काम आहे. त्यात काव्य नाही, आणि म्हणूनच ते खरे वाटते. त्याने ते सांगितल्यावर शेवटच्या ओळीला समजावत बसावे लागत नाही, ती तीन शब्दांत संपते. काटछाट करताना कधी कधी शब्द वाढवावे लागतात. दोन शब्द आत आले म्हणून आठ-नऊ बाहेर जाऊ शकले.

‘वडील’ हा शब्द खर्ड्यात अगदी सुरुवातीला होता. आता तो सहाव्या ओळीत येतो, आणि तोही कारकुनाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. पहिल्या दोन ओळींत ‘त्यांच्या’ म्हणजे कुणाच्या, हे वाचकाला जाणवते पण सांगितलेले नसते. त्यांना नाव मिळते ते खोडण्याच्या क्षणी. क्रम बदलल्याने हा परिणाम आला. त्यासाठी एकही नवी ओळ लागली नाही.

एक प्रश्न मात्र जाणकार वाचक विचारील. शीर्षकात ‘नाव कमी करणे’ आहेच, मग चौथ्या ओळीत तेच पुन्हा कशाला? हे अधिकपद नव्हे का? मी ती ओळ दोनदा काढून पाहिली. तिच्याशिवाय संवाद जुळत होता, पण काहीतरी हरवत होते. शीर्षकात तो शब्दप्रयोग कचेरीचा आहे, छापील अर्जावरचा. चौथ्या ओळीत तो मुलाच्या तोंडून येतो. परकी भाषा त्याला स्वतःच्या वडिलांबद्दल वापरावी लागते, आणि ती तो कसलीही कुरकुर न करता वापरतो. शब्द तेच, बोलणारा वेगळा. मम्मटानेही आपल्या दोषांना सरसकट दोष म्हटलेले नाही. प्रसंग आणि बोलणारा पाहून तेच पद गुण ठरू शकते, अशी सवलत त्याने ठेवली आहे. ती सवलत मी इथे घेतली. घेणे योग्य होते की नाही, ते वाचकाने ठरवावे.

‘मी सही केली’ ही ओळही शेवटच्या ओळीत मिसळता आली असती आणि अकरा ओळी झाल्या असत्या. पण सही करायला वेळ लागतो. पेन मागायचे, कागद सरळ करायचा, पहिले नाव लिहायचे, मग मधले. त्या वेळाएवढी जागा कागदावर हवी होती. ओळीचे काम दर वेळी अर्थ देणे हेच नसते. कधी कधी ती फक्त थांबवून धरते, आणि तेवढ्यासाठीही तिला ठेवावे लागते.

काटछाटीला तळ कुठे असतो, याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. मेरिअन मूर या अमेरिकी कवयित्रीने १९१९ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ‘पोएट्री’ ही आपली कविता वर्षानुवर्षे बदलली आणि १९६७च्या समग्र संग्रहात तिच्या तीनच ओळी ठेवल्या. पण त्याच पुस्तकात, मागच्या टिपांमध्ये, तिने लांब कविताही छापली. त्या तीन ओळींचा भार कुठे गेला, हे तिने एका अर्थी उघड दाखवले: तो पुस्तकाच्या मागच्या पानांवर गेला. ज्याने लांब कविता वाचली आहे त्याला तीन ओळी तीक्ष्ण वाटतात. ज्याने वाचलेली नाही त्याला त्या एखाद्या मताच्या तुकड्यासारख्या वाटू शकतात. कवीच्या बाबतीत नेमके हेच घडते. खर्डा त्याला पाठ असतो, म्हणून काढलेल्या ओळी त्याला उरलेल्या ओळींतून ऐकू येत राहतात. वाचकाला त्या ऐकू येत नाहीत. माझी दहा ओळींची कविता मला घट्ट वाटली ती यामुळेच. तेरावी ओळ माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. म्हणून काटलेली कविता खर्डा न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवावी, आणि त्याच्या कौतुकापेक्षा त्याच्या प्रश्नाकडे लक्ष द्यावे.

शेवटी एका नुकसानीची नोंद करायला हवी. ही कविता मी आईला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकली आणि मग म्हणाली, ‘तुला मीच पाठवलं होतं ना रे तिकडे?’ खर्ड्यातली सहावी ओळ तिची होती. घरात बसून ‘ते तेवढं बघून ये’ म्हणणे तिला किती जड गेले असेल, ते त्या ‘तेवढं’मध्ये होते. मी ती ओळ तेरावी म्हणून परत घालून पाहिली. कविता बिघडली नाही, पण हलली. सही मुलाची राहिली नाही, आईच्या सांगण्यावरून केलेले काम झाली, आणि सगळा भार त्याच्या हातावरून सरकून तिच्या वाक्यावर जाऊन बसला. ती एक वेगळी आणि कदाचित अधिक चांगली कविता आहे, पण ही नव्हे.

ओळ परत काढली. बारा ओळींत आई आता फक्त एकाच जागी आहे: ‘पाचाचे चार’मधल्या चारांत.